निळी चमक आणि काळी शाई : अतिनील टॉर्चच्या फोटोत काय वाचायचं

नोट तपासायच्या छोट्या जांभळ्या टॉर्चबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. चमकलं म्हणजे खरं, नाही चमकलं म्हणजे खोटं, असं बरेच जण धरून चालतात. पाचशेच्या नोटेच्या बाबतीत गोष्ट जवळजवळ उलटी आहे. खऱ्या नोटेचा कागद अतिनील प्रकाशात मंद, निस्तेज दिसतो आणि त्यावरचे ठरावीक भाग तेवढे उजळतात. सगळा कागदच निळा-पांढरा झळाळून उठला, तर शंका घ्यायची. जुन्या दस्तऐवजांचं, बाटल्यांवरच्या लेबलांचं, पुसट झालेल्या चिठ्ठ्यांचंही तसंच आहे. आधी कागद काय करतोय ते बघायचं, मग शाई. हा क्रम पाळला तर रंगांचे अर्थ आपोआप लागत जातात.

अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यात ऊर्जा दृश्य प्रकाशापेक्षा जास्त असते. काही पदार्थांचे रेणू हे किरण शोषून घेतात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली प्रकाश म्हणून परत सोडतात. मोठी नोट मोडायला दिली, मोडणाऱ्याने आपली दलाली कापून घेतली आणि उरलेले सुटे परत दिले, तसा हा व्यवहार आहे. सुटे मूळ रकमेपेक्षा नेहमी कमी, म्हणून अदृश्य अतिनीलचं रूपांतर निळ्या, हिरव्या, पिवळ्या किंवा लाल अशा कमी ऊर्जेच्या रंगात होतं. कोणता रंग निघणार हे त्या रेणूच्या घडणीवर ठरतं. टॉर्च बंद केला की चमकही जवळजवळ त्याच क्षणी विझते.

आता कागद. आजचा झेरॉक्सचा, वह्यांचा, बिलांचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालतात. कपड्यांसाठी पूर्वी घरोघरी टिनोपाल वापरत, त्याच जातीची. ही रसायनं उन्हातलं अतिनील शोषून निळसर प्रकाश सोडतात, म्हणून कागद पिवळट न वाटता शुभ्र वाटतो. टॉर्चखाली हाच कागद भडक निळा-पांढरा होतो. कागदात ही रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास आली. त्यामुळे १९२० सालचं म्हणून कुणी दाखवलेलं पत्र टॉर्चखाली दुधाळ निळं पेटलं, तर तो कागद त्या काळचा नाही असं समजायला बळकट कारण मिळतं. उलटं मात्र खरं नाही. कागद चमकला नाही म्हणजे तो जुनाच, असं म्हणता येत नाही, कारण ही रसायनं न घातलेला कागद आजही बनतो.

नोटांचा कागद मुळात कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यात ही पांढरेपणाची रसायनं मुद्दाम घातलेली नसतात. त्यामुळे पार्श्वभूमी काळोखी राहते आणि तिच्यावर खास शाई उठून दिसते. भारतीय नोटांवर क्रमांक छापलेली जागा अतिनीलमध्ये चमकणाऱ्या शाईची असते आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू टॉर्चखाली रंगीत दिसतात. या दोन्ही गोष्टी रिझर्व्ह बँक स्वतःच नोटेची ओळख म्हणून सांगते. महाराष्ट्रातल्या वाचकांना एवढं सांगायला हवं, की नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि ही शाई-कागदाची करामत तिथल्या रोजच्या कामाचा भाग आहे.

तपासताना नोट एकटी बघू नका. बँकेतून किंवा एटीएममधून नुकतीच आलेली, त्याच किमतीची आणि त्याच मालिकेची नोट शेजारी ठेवा, आणि त्यांच्या बाजूला साध्या झेरॉक्स कागदाचा तुकडा. खोली अंधारी करा. झेरॉक्सचा तुकडा पेटतो, नोटांचा कागद पेटत नाही, हा फरक आधी डोळ्यांत बसू द्या. मग दोन्ही नोटांवरचे क्रमांक सारख्याच रंगात उजळतात का ते पाहा. तंतू नीट बघा. ते कागदाच्या आत इतस्ततः पसरलेले असतात, त्यामुळे दोन खऱ्या नोटांवर ते एकाच जागी सापडत नाहीत. दोन संशयित नोटांवर तंतू अगदी त्याच ठिकाणी, त्याच वळणाचे दिसले तर ते तंतू नसून छापलेल्या रेघा आहेत. भिंगातून पाहिलं तर छापलेली रेघ कागदाच्या पृष्ठभागावर पसरलेली दिसते, खरा तंतू काही ठिकाणी आत बुडालेला असतो.

इथेच लोक फसतात तो एक प्रसंग आहे. पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघालेली नोट टॉर्चखाली निळी झळाळते. नोट अस्सल असते, पण कपडे धुण्याच्या पावडरीतली पांढरेपणाची रसायनं तिच्या कापसाच्या तंतूंना चिकटलेली असतात. अशी निळाई बहुधा डागांसारखी असते. घड्यांच्या कडांना जास्त, आत कमी. नकली नोटेच्या झेरॉक्सछाप कागदाची निळाई मात्र सगळीकडे एकसारखी असते. म्हणून फक्त टॉर्चवर निकाल देऊ नये. जलचिन्ह, पाचशेच्या नोटेच्या धाग्याचा हिरव्यातून निळ्यात बदलणारा रंग आणि बोटांना लागणारी उठावाची छपाई या तीन गोष्टी टॉर्चशिवाय तपासता येतात, आणि नकली नोटा करणाऱ्यांना चमकणारी शाई मिळवणं या तिन्हींपेक्षा सोपं जातं.

टॉर्चबद्दल दोन शब्द, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बाजारात मिळणारे स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात. ते पेटवले की भडक जांभळा उजेड पडतो. हा जांभळा उजेड कागदावरून नुसता परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत येतो आणि माणसाला वाटतं की कागद चमकतोय. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्यावा आणि त्याच्या तोंडाशी काळपट दिसणारी काच असलेला घ्यावा. ही काच दृश्य उजेड अडवते आणि अतिनील पुढे जाऊ देते. असा टॉर्च पांढऱ्या भिंतीवर मारला तर अगदी फिकट जांभळी छाया दिसते, कागदावर मारला तर कागद पेटतो. तुमच्याकडे ३९५चाच असेल तर कॅमेऱ्यासमोर पिवळा जिलेटीन कागद धरून पाहा. परावर्तित जांभळा मरतो, हिरवी-पिवळी-लाल चमक टिकते. निळी चमक मात्र या पद्धतीत बरीच कापली जाते, तेव्हा निळ्याबद्दलचा निष्कर्ष अशा फोटोवरून काढू नका. आणि टॉर्च कधीही डोळ्यांसमोर धरू नका. अतिनीलचा दिवा मंद वाटतो म्हणून बुबुळ आकसत नाही आणि इजा कळतही नाही. पॉलिकार्बोनेटचा साधा संरक्षक चष्मा पुरतो.

डोळ्यांनी दिसतं तर फोटो कशाला? कारण ही चमक फार मंद असते आणि डोळा अंधाराला सरावत जातो, त्यामुळे पहिल्या मिनिटात आणि पाचव्या मिनिटात तीच वस्तू वेगळी भासते. कॅमेरा उघडा ठेवून तो मंद प्रकाश साठवता येतो, आणि दोन फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते. पण मोबाइल आपोआप ठरवतो त्यावर सोडलं तर फोटो खोटं बोलतो. निळ्या चमकीला तो दिव्याचा दोष समजून करडं करून टाकतो, आणि अंधार दिसला की सगळंच उजळवतो. म्हणून कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर, कायम ठेवा. आयएसओ १०० ते ४०० मध्ये ठेवा आणि शटर अर्ध्या सेकंदापासून सुरू करून गरजेप्रमाणे दोन-तीन सेकंदांपर्यंत न्या. फ्लॅश बंद. मोबाइल हातात न धरता स्टँडवर बसवा आणि टायमर लावा, बटण दाबतानाचा धक्काही अक्षर पुसट करतो.

टॉर्च वरून सरळ मारू नका, दोन बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांतून मारा, नाहीतर मध्ये पांढरा डाग येतो. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात झेरॉक्स कागदाचा तोच छोटा तुकडा ठेवा, म्हणजे दोन फोटोंतला उजेड सारखा होता की नाही ते नंतर कळेल. एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: पावडरीत धुतलेला पांढरा शर्ट घालून टॉर्च धरला तर शर्ट स्वतःच निळा पेटतो आणि त्याचा उजेड वस्तूवर पडतो. गडद कपडे घाला. वस्तूखाली अंथरायचं काळं कापडही आधी टॉर्चखाली तपासा, कारण त्यावरचे पांढरे धागे ताऱ्यांसारखे दिसतात आणि फोटोत गोंधळ घालतात. आणि प्रत्येक अतिनील फोटोआधी, मोबाइल किंवा वस्तू न हलवता, साध्या दिव्यात एक फोटो घ्या. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता खऱ्या रसाचा भाग. एका ओळखीच्या घरातल्या जुन्या औषधालयाच्या काचेच्या बरणीवर एक लेबल होतं. छापलेली चौकट, आत हाताने लिहिलेलं पण आता नुसती तपकिरी सावली उरलेलं नाव, आणि त्याच्या अर्ध्या भागावर नंतर डकवलेली पट्टी. साध्या उजेडात पट्टीवरचं बॉलपेनने लिहिलेलं ‘हिंगाष्टक’ तेवढं वाचता येत होतं.

टॉर्चखाली लेबलाचा मूळ कागद मळकट पिवळट, मंद चमकला. पट्टी मात्र लख्ख निळी-पांढरी पेटली, म्हणजे ती साधारण १९५० नंतरच्या कागदाची. पट्टीच्या कडेने बाहेर आलेला गोंदाचा ओघळ दुधाळ निळसर दिसला. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस असाच चमकतो. लेबलाच्या खालच्या भागात नारिंगी चमकीचे ओघळ होते. ही लाखेची खूण आहे. ओलाव्यापासून जपण्यासाठी लेबलावर लाखेचं पातळ रोगण फिरवत, आणि लाख अतिनीलमध्ये नारिंगी दिसते. एका कोपऱ्यात बोटाच्या आकाराचा झळझळीत पिवळा-हिरवा ठसा होता. तो हळदीचा. हळदीतलं कर्क्युमिन इतकं तेजस्वी चमकतं की स्वयंपाकघरातून आलेल्या कुठल्याही कागदावर ते सापडतं, आणि नवख्या माणसाला ते ‘गुप्त शाई’ वाटतं.

पण सगळ्यांत मोलाची गोष्ट चमकली नाही, ती काळी झाली. पुसट तपकिरी अक्षरांच्या जागी गडद, ठसठशीत ओळ उभी राहिली: ‘द्राक्षासव’, आणि तिच्याखाली ‘सन १९३८’. कारण त्या काळची निळी-काळी शाई लोह आणि टॅनिन यांची असे. हिरडा किंवा माजूफळाच्या काढ्यात हिराकस घातला की जो काळा रंग होतो, तीच ही जात. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि दमटपणाने तिचा काळेपणा जातो, फिकट तपकिरी उरते आणि पिवळ्या पडलेल्या कागदात विरघळून जाते. पण लोहाचं ते संयुग कागदात तसंच असतं आणि अतिनील किरण ते गिळतं. आजूबाजूचा कागद थोडा तरी चमकतो, शाईची रेघ अजिबात चमकत नाही. फरक वाढतो आणि अक्षर परत दिसतं. म्हणून मी नेहमी सांगतो की टॉर्चखाली रंग शोधण्याआधी काळोख शोधा.

डकवलेल्या पट्टीखाली काय होतं? अतिनीलने काही कळलं नाही, कळणारही नव्हतं. हे किरण कागद भेदून जात नाहीत, वरचा थर तेवढा सांगतात. बरणी रिकामी असल्यामुळे आत साधा पांढरा टॉर्च ठेवून बाहेरून पाहिलं, तेव्हा पट्टीखालची मूळ रेघ सावलीसारखी दिसली.

रंगांबद्दल आणखी थोडं. एकाच रंगाचे अनेक धनी असतात, त्यामुळे रंग एकटा पुरावा होत नाही. दुधाळ निळा सरसही देतो आणि पांढरेपणाचं रसायनही. फरक तेजात आणि आकारात असतो: सरस ओघळतो, रसायन सगळ्या कागदात मुरलेलं असतं. पिवळसर-हिरवा हळदीचाही आणि जस्ताच्या पांढऱ्या रंगद्रव्याचाही, पण हळदीला कडा नसतात, रंगवलेल्या भागाला असतात. तेलाचे डाग फिकट पिवळे दिसतात. टोकदार, स्वच्छ लाल चमक हा मात्र वेगळा प्रकार आहे. ती घरातल्या पदार्थांतून सहसा येत नाही. युरोपियम नावाच्या दुर्मीळ मूलद्रव्याची संयुगं असा लाल रंग देतात, आणि तो सुरक्षा छपाईत वापरला जातो. युरोच्या नोटांवरच्या लाल चमकीचं श्रेय याच मूलद्रव्याला दिलं जातं. आजच्या एखाद्या औषधाच्या खोक्यावर किंवा सीलवर असा नेमका लाल ठसा दिसला तर तो छापणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला आहे. तरीही खोकं अस्सल आहे असं म्हणायला त्याच कंपनीचं खात्रीचं खोकं शेजारी हवंच.

आता तो साध्या उजेडातला फोटो बाहेर काढा. लोहशाईच्या अक्षरावर नंतर दुसऱ्या शाईने लिहिलं असेल तर दोन्ही गुंतून जातात आणि अतिनील फोटोत सगळंच काळं दिसतं. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात अशाच एका पोथीचा अभ्यास झाला. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली प्रत, जिच्यावरची अक्षरं तेराव्या शतकात खरवडून चामड्याच्या त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९९८ साली तिचा लिलाव झाला आणि पुढे शास्त्रज्ञांनी तिचे वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढले. त्यांची एक युक्ती घरीही जमते. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांचा मिळून बनतो. साध्या पिवळट दिव्यातल्या फोटोच्या लाल भागात खरवडलेली तपकिरी अक्षरं जवळजवळ नाहीशी होतात, अतिनील फोटोच्या निळ्या भागात ती गडद होतात. हे दोन भाग एकाच चित्रात घातले की खालची जुनी अक्षरं लाल दिसतात आणि दोन्हींत गडद असलेलं वरचं लिखाण काळं राहतं. डोळा दोन्ही ओळी वेगळ्या वाचू लागतो.

त्यासाठी दोन्ही फोटो तंतोतंत एकाच जागेवरून काढलेले हवेत. ImageMagick हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर असेल तर साध्या उजेडातल्या फोटोला light.jpg आणि अतिनील फोटोला uv.jpg नाव द्या. मग कमांड लाइनवर तीन ओळी पुरतात:

```
magick light.jpg -channel R -separate +channel -auto-level r.png
magick uv.jpg -channel B -separate +channel -auto-level b.png
magick r.png b.png b.png -combine result.png
```

अक्षरांच्या कडेला लाल-आकाशी दुहेरी रेघ आली तर समजा की दोन फोटोंमध्ये काहीतरी हललं. असं चित्र वाचायचा प्रयत्न सोडून द्या आणि पुन्हा फोटो घ्या, नाहीतर नसलेल्या काना-मात्रा दिसायला लागतात.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही कळायला हवं. मोडीतली जुनी दप्तरं बहुतेक काजळाच्या शाईने, बोरूने लिहिलेली आहेत. काजळ म्हणजे कार्बन, तो उजेडाने फिका पडत नाही, पण पाण्याने धुऊन गेला तर मागे काहीच उरत नाही. टॉर्चखाली तिथे दिसलीच तर डिंकाची फिकट छाया दिसते. तेलकट डागाखाली दबलेलं काजळाचं अक्षर इन्फ्रारेड फोटोत सापडतं, अतिनीलमध्ये नाही. पेनातली धुतली जाणारी निळी शाई हा नुसता रंग असतो, तो गेला की टॉर्चचा फार उपयोग होत नाही. थर्मल कागदाची पावती पांढरी पडली तर कागदाची निळी चमक दिसेल, पण आकडे परत येतीलच असं नाही.

जुना कागद टॉर्चखाली तासन्‌तास ठेवू नका. अतिनील किरण कागद आणि रंग दोन्ही पोखरतात, म्हणून आधी सगळी मांडणी साध्या उजेडात करून घ्यायची, मग टॉर्च लावायचा, फोटो घ्यायचा आणि लगेच बंद करायचा. आणि तपासताना एखादी नोट खरंच नकली वाटली, तर ती पुढे खपवू नका, कारण नकली आहे हे माहीत असून ती चालवणं हा गुन्हा आहे. ती बँकेत द्या. बँक नकली नोट परत देत नाही, तिच्यावर शिक्का मारून जप्त करते आणि तुम्हाला पोचपावती देते. एका व्यवहारात चारपर्यंत नकली नोटा आढळल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर थेट गुन्हा नोंदवला जातो.